जुळणी करणाऱ्याच्या हाती इतकं कमी का उरतं

«इकॉनॉमिक सोशिऑलॉजीच्या पेपरसाठी हवंय. जागतिक मूल्यसाखळीत वस्तूची जुळणी जिथे होते, तिथे अंतिम किमतीतला इतका छोटा हिस्सा का राहतो? काम कमी कौशल्याचं असतं म्हणून?»

कौशल्याचा मुद्दा पेपरमध्ये पहिल्या पानावर आणू नका. जुळणीवाला किती कुशल आहे यापेक्षा त्याच्या जागी दुसरा किती लवकर उभा करता येतो, यावर त्याचा वाटा ठरतो. हे एकाच वस्तूवर नीट दिसतं, म्हणून तीच घेतो: २००५ चा ३० जीबीचा व्हिडिओ आयपॉड.

लिंडन, क्रेमर आणि डेड्रिक या संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला आहे. दुकानात किंमत २९९ डॉलर. त्यातले साधारण ७५ वितरक आणि दुकानदाराचे, ८० ॲपलचे. उरलेले सुमारे १४४ डॉलर म्हणजे कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतचा खर्च. यात सगळ्यात महाग भाग तोशिबाची हार्ड डिस्क, सुमारे ७३ डॉलर. चीनमध्ये झालेली जुळणी आणि चाचणी मिळून ३.७० डॉलर. म्हणजे कारखाना खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दुकानातल्या किमतीच्या सव्वा टक्का.

आता हे ३.७० ठरतात कसे ते बघा, कारण खरं समाजशास्त्र तिथेच आहे. कंत्राटी उत्पादक कोटेशन देतो तेव्हा बहुतेक सुट्या भागांचे भाव त्याच्या हातात नसतात. महत्त्वाच्या भागांचे पुरवठादार आणि दर ब्रँडने आधीच ठरवलेले असतात, उत्पादक फक्त त्या दराने ऑर्डर टाकतो. त्यामुळे घासाघीस करायला उरतं काय? प्रत्येक नगाला लागणारी मिनिटं, तासाचा दर, यंत्रांचा घसारा, किती नग चाचणीत नापास होतात त्याचा खर्च आणि वर थोडा नफा. यातली प्रत्येक ओळ ब्रँडच्या खरेदी विभागाला दिसते. खास साचे आणि चाचणीची उपकरणं अनेकदा ब्रँडच्याच मालकीची असतात, त्यामुळे ती उचलून दुसऱ्या कारखान्यात नेणं शक्य असतं. शिवाय मोठं मॉडेल सहसा दोन उत्पादकांत वाटलेलं असतं.

अशा ठिकाणी सुधारणा केली की तिचं फळ कोणाला मिळतं? समजा एका नगाला २० मिनिटं लागतात आणि तासाचा दर ६ डॉलर आहे, म्हणजे श्रमखर्च २ डॉलर. लाइनवरच्या लोकांनी क्रम बदलून तेच काम १५ मिनिटांवर आणलं, तर नगामागे अर्धा डॉलर वाचतो. पुढच्या वाटाघाटीत ब्रँड १५ मिनिटं हाच पाया धरतो आणि तो अर्धा डॉलर कापून घेतो. दुसऱ्या उत्पादकालाही तोच आकडा दाखवला जातो. कौशल्य वाढलं, वाटा नाही. «कामगारांची उत्पादकता कमी, म्हणून मोबदला कमी» असं ठामपणे सांगणाऱ्यांकडे या उदाहरणाचं उत्तर नसतं, आणि हा युक्तिवाद अजूनही पाठ्यपुस्तकी थाटात केला जातो याची मला मनापासून चीड आहे. हार्ड डिस्कवाल्याचं तसं होत नाही, कारण तेवढ्या आकाराची आणि क्षमतेची डिस्क पुरवू शकणारे मोजकेच असतात.

पण इथेच एक चूक हमखास होते, ती टाळा. ७३ डॉलर ही डिस्कची किंमत आहे, तोशिबाची कमाई नव्हे. तिच्यातही विकत घेतलेले भाग आहेत. त्याच अभ्यासात तोशिबाचा ढोबळ नफा १९-२० डॉलर धरला आहे. दुसरं, तिथे «मिळवलेलं मूल्य» म्हणजे ढोबळ नफा, आणि त्यात थेट मजुरी येत नाही. जुळणीच्या ३.७० मध्ये मात्र मजुरी आहे. मूल्यवर्धन मोजायचं की नफा, हे आधी ठरवा, नाहीतर तक्त्यातले दोन रकाने वेगवेगळ्या गोष्टी सांगतील.

तिसरी अडचण व्यापाराच्या आकडेवारीची. २००९ च्या आयफोनचा कारखाना खर्च सुमारे १७९ डॉलर होता आणि त्यात चीनमधली जुळणी साडेसहा डॉलरची. निर्यातीच्या नोंदीत मात्र अख्खा फोन चीनच्या नावावर चढतो. देशाच्या निर्यातीवरून जुळणीचा वाटा काढायला गेलात तर तो कित्येक पट फुगेल.

आणि हा वाटा कायमचा ठरलेला आहे असंही लिहू नका. अर्थतज्ज्ञ युचिंग शिंग यांच्या हिशेबात आयफोन एक्सच्या कारखाना खर्चातला चिनी हिस्सा पाव भागाच्या आसपास गेला आहे. ती वाढ मुख्यतः चिनी कंपन्या स्वतः भाग पुरवू लागल्यामुळे झाली. म्हणून पेपरात «चीनचा वाटा» आणि «जुळणीचा वाटा» हे दोन वेगळे रकाने ठेवा.