फोटोवरून बेडरूमचा रंग ठरवताना

प्रश्न : सोबत बेडरूमचा फोटो जोडला आहे. भिंती निळसर, मळकट दिसतात. खोली प्रसन्न वाटावी म्हणून फिका राखाडी रंग द्यायचा विचार आहे. नेमकी कोणती छटा घ्यावी?

फिका राखाडी घेऊ नका. असे फोटो सतत येतात, म्हणून यावेळी सविस्तर लिहिते.

मोबाइलचा कॅमेरा भिंतीचा रंग जसाच्या तसा टिपत नाही. समोरच्या दृश्यात पिवळेपणा जास्त वाटला की तो आपोआप निळ्याकडे सरकतो, निळेपणा वाटला की पिवळ्याकडे. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. त्यात तुमच्या फोटोत खिडकीतला उजेडही आहे आणि पलंगाशेजारचा दिवाही चालू आहे. त्यामुळे एकच पांढरी चादर खिडकीकडे निळसर आणि दिव्याखाली पिवळी दिसते आहे. एकाच कापडाचे दोन रंग दिसले की त्या फोटोवरून भिंतीबद्दल काही ठरवू नये. खिडकी तर इतकी पांढरी फटक आली आहे की बाहेर काय आहे तेही कळत नाही.

म्हणून मी तुम्हाला पुन्हा फोटो मागितले. सगळे दिवे बंद, पडदे पूर्ण उघडे, सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, तिन्ही वेळा एकाच जागेवरून. आणि साध्या पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे भिंतीवर चिकटवून, एक खिडकीलगत आणि एक सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. कॅमेऱ्याने रंग सरकवले तरी तो भिंत आणि कागद दोन्ही मिळून सरकवतो. त्यामुळे कागदाच्या तुलनेत भिंत कशी दिसते, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं.

या फोटोंनी तीन गोष्टी सांगितल्या. भिंत निळसर नाहीच. कागदाच्या शेजारी ती सरळ सायीच्या रंगाची दिसते. दुसरं, तिन्ही वेळी जमिनीवर कुठेही उन्हाचा कवडसा नाही आणि पलंगाच्या पायाची सावलीही धारदार नाही. म्हणजे निदान या तिन्ही वेळी खोलीत थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो, आणि तो उन्हापेक्षा निळा असतो. तिसरं, खिडकीलगतचा कागद हिरवट आहे, लांबच्या कोपऱ्यातला नाही. विचारल्यावर तुम्ही लिहिलंत की खिडकीसमोरच दाट झाड आहे. उजेड त्या पानांवरून होऊन आत येतो.

आता राखाडीचं काय होईल पाहा. राखाडीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे ज्या उजेडात असेल त्याचीच झाक तो घेतो. तुमच्या खोलीत तो थंड आणि हिरवट होईल. इथे उलट्या बाजूची किंचित झाक हवी. हिरव्याला लाल उतारा असतो. म्हणून खिडकीची भिंत आणि बाजूच्या दोन भिंती यांना अगदी पुसटशी गुलाबी-बदामी झाक असलेला मोतिया रंग घ्या. शेडकार्डवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बहुतेक छटांचा एलआरव्ही दिलेला असतो. रंग किती उजेड परत फेकतो याचं ते शून्य ते 100 या पट्टीवरचं माप. तो 70 ते 75 च्या आसपास असू द्या. पलंगाच्या डोक्याकडची भिंत खिडकीच्या समोर आहे, तिच्यावर सर्वांत जास्त उजेड पडतो. गडद व्हायचं असेल तर तिथेच व्हा : त्याच घराण्यातला बदामी, एलआरव्ही 45 ते 50. खिडकीची भिंत मात्र कधीही गडद करू नका. तिच्यावर उजेड पडत नाही, ती उजेडाच्या पाठीशी असते. ती काळवंडली की शेजारची खिडकी डोळ्यांना टोचते. छत पांढरं, मॅट.

एक धोका आहे. गुलाबी झाक जरा जास्त झाली तर रात्री पिवळ्या दिव्यात भिंत केशरट दिसते. म्हणून हा सल्ला नमुना लावून पाहिल्यावरच पक्का समजा, आणि शक्य असेल तर एखाद्या इंटिरियर डिझायनरला भर दुपारी खोलीत उभं करून दाखवा.

प्रश्न : अंधाऱ्या खोलीला शुभ्र पांढरा दिला की उजेड वाढतो ना? सगळे तेच सांगतात.

सगळे सांगतात आणि खोल्या राखाडी होऊन बसतात. रंग उजेड निर्माण करत नाही, आलेल्यातला काही भाग परत देतो. गडद भिंतीपेक्षा पांढऱ्याने फरक पडतो हे खरं. पण मुळात उजेड कमी असेल तर शुभ्र पांढऱ्या भिंतीचे कोपरे मळलेले वाटतात. अशा खोलीत उबदार झाकेचा, थोडा खालच्या एलआरव्हीचा रंग जास्त जिवंत दिसतो. आधी खिडकीवरचा जाड पडदा आणि समोर अडवून ठेवलेलं कपाट हलवा.

प्रश्न : छताला भिंतीचाच रंग चालेल का?

फिका असेल तर चालेल.

प्रश्न : पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी कडक ऊन येतं, पिवळी भिंत अंगावर येते. काय करू?

पिवळा सोडा आणि राखाडी-हिरवी झाक घ्या. मावळतीचं ऊन स्वतःच केशरी असतं.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, ॲपमध्ये खोलीचा फोटो टाकला की रंग कसा दिसेल ते कळतं, नमुन्याची गरज नाही.

गरज आहे. ॲप ज्या फोटोवर रंग चढवतं तो फोटोच सरकलेला असतो, वर तुमच्या स्क्रीनचा रंग वेगळा. दोन पर्यायांत निवडायला ते ठीक, पण त्याच्यावर डबा मागवणं म्हणजे विक्री लवकर उरकणं, आणि त्यात फायदा तुमचा नाही. सर्वांत लहान डबा घ्या. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, कडेने चार बोटं पांढरी जागा सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्यांना फसवणार नाही. पूर्ण वाळल्यावर पुठ्ठा एकेका भिंतीला उभा लावून सकाळ, दुपार आणि दिवे लावल्यावर पाहा. शेडकार्डही टेबलावर आडवं ठेवून पाहू नका, आडव्या आणि उभ्या पृष्ठावर उजेड वेगळा पडतो. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे चौकोनी तुकड्यावर आवडलेली छटा खोलीभर अधिक गडद वाटते. शंका असेल तर एक पायरी फिकी घ्या.

प्रश्न : पेंटर उद्या येतोय. फोटो पाठवलाय, आजच छटा सांगा.

सांगणार नाही. पेंटरला पुट्टी आणि प्रायमरचं काम आधी करू द्या, तेवढ्या दिवसांत नमुना पाहून होतो.

प्रश्न : खिडकीलगतची भिंत आडव्या उजेडात उंचसखल दिसते. चकचकीत रंगाने झाकेल का?

उलट उठून दिसेल. मॅट घ्या, आणि पुट्टी घासताना त्याच उजेडात भिंत तपासायला सांगा.

प्रश्न : फोटोत खिडकीखाली जो गडद पट्टा दिसतो ती सावली आहे की रंग उडालाय?

फोटोवरून नक्की सांगता येत नाही, पण तिन्ही वेळच्या फोटोंत पट्टा त्याच जागी, त्याच आकाराचा आहे. सावली उजेडाबरोबर सरकते किंवा मऊ होते. हा पट्टा सरकत नाही आणि त्याच्या वरच्या कडेला पापुद्रे सुटल्यासारखे दिसतात, त्यामुळे मला ओलीचा संशय आहे. हात लावून पाहा : गार, दमट लागतं का, खरवडल्यावर पांढरी भुकटी निघते का. तसं असेल तर रंगाचा विचार थांबवा. खिडकीच्या चौकटीच्या फटी आणि बाहेरचा गिलावा जाणकाराकडून तपासून घ्या, दुरुस्ती झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या. ओलीवर चढवलेला कुठलाही रंग सुटतो, मग छटा कितीही विचाराने निवडलेली असो.