फळ्याचा फोटो, परवाचा पाऊस आणि आजचे वितरण

हवामानाच्या संक्रमण मॅट्रिक्सविषयी आलेल्या पाच प्रश्नांपैकी चार एकाच फोटोविषयी आहेत, म्हणून ती मॅट्रिक्स आधी येथे उतरवून घेतली आहे. डावीकडे आजचे हवामान आहे आणि वर उद्याचे; प्रत्येक आकडा म्हणजे आज ते हवामान असताना उद्या हे असण्याची संभाव्यता.

```
          ऊन    ढग    पाऊस
ऊन       ०.६   ०.३   ०.१
ढग       ०.३   ०.४   ०.३
पाऊस     ०.२   ०.४   ०.४
```

प्रश्न : वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवते आहे. ट्यूबलाइटच्या चकाकीमुळे मधल्या ओळीतला शेवटचा आकडा ०.३ आहे की ०.८ ते कळत नाही, आणि वरची शीर्षके फोटोत आलेलीच नाहीत. ‘आज’ ओळीत धरायचा की स्तंभात?

उत्तर : आधी दुसऱ्या शंकेकडे वळू, कारण पहिलीचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. आज जे काही हवामान असेल त्यानंतर उद्या तिन्हींपैकी एक काहीतरी होणारच, त्यामुळे ‘आज’ ज्या दिशेने मांडलेला असेल त्या दिशेची प्रत्येक बेरीज नेमकी १ यायला हवी. फोटोतला पहिला स्तंभ पूर्ण स्वच्छ दिसतो आणि त्याची बेरीज ०.६ + ०.३ + ०.२ म्हणजे १.१ येते, तर पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची बेरीज १ येते. म्हणजे ‘आज’ ओळीत आहे, आणि हा निर्णय चकाकीखालच्या आकड्याला हात न लावता झाला. आता मधल्या ओळीत ०.३ आणि ०.४ मिळून ०.७ झाले, तेव्हा उरलेला आकडा ०.३ असला पाहिजे, ०.८ धरल्यास बेरीज १.५ होईल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. बेरजेवरून एक आकडा भरून घेतला की त्या ओळीची बेरीज तपासणीच्या कामाची राहत नाही, कारण ती १ यावी म्हणूनच तो आकडा भरलेला असतो. त्याच ओळीतला दुसरा एखादा आकडा वाचण्यात चूक झाली असेल, तर ती आता दिसणार नाही. त्यामुळे त्या ओळीतले उरलेले दोन आकडे फोटो मोठा करून पुन्हा पाहावेत.

शीर्षके कापली गेल्याचा धोका मला चकाकीपेक्षा मोठा वाटतो. स्तंभांचा क्रम पाऊस, ढग, ऊन असा उलटा असता तरी ओळींची बेरीज १ च आली असती, आणि परवाच्या हवामानासाठी तिचा वर्ग करून निघालेली मॅट्रिक्स अगदी साळसूद दिसली असती, पण तिला काही अर्थ राहिला नसता. येथे मुख्य कर्णावरचे आकडे मदत करतात. आजचे हवामान उद्याही टिकण्याकडे कल असतो, म्हणून कर्णावर ०.६, ०.४, ०.४ असे मोठे आकडे शोभतात. उलट क्रम धरला तर ‘आज ऊन, उद्या पाऊस’ याला ०.६ द्यावे लागतील. हा पुरावा आहे, सिद्धता नव्हे. शक्य असल्यास शीर्षके एखाद्या वर्गमित्राच्या वहीतून ताडून पाहावीत.

प्रश्न : उन्हानंतर पाऊस ०.१ आहे, तर दोन दिवसांसाठी ०.१ × ०.१ = ०.०१ यायला हवे ना? सरांच्या उत्तरात ०.१९ आहे.

उत्तर : तुम्ही फक्त आकड्याचा वर्ग केला, आणि सरांनी मॅट्रिक्सचा. आज ऊन आहे आणि परवाविषयी विचारले आहे; मधला उद्याचा दिवस कसा असेल हे कोणी सांगितलेले नाही, म्हणून त्याच्या तिन्ही शक्यता मोजाव्या लागतात. उद्याही ऊन राहून परवा पाऊस आला तर ०.६ × ०.१ म्हणजे ०.०६, उद्या ढग येऊन परवा पाऊस आला तर ०.३ × ०.३ म्हणजे ०.०९, आणि उद्याच पाऊस लागून परवाही टिकला तर ०.१ × ०.४ म्हणजे ०.०४. तिन्ही वाटा परस्परांना वगळणाऱ्या आहेत, म्हणून त्यांची बेरीज करायची, ती ०.१९ येते. यांपैकी सर्वांत मोठा वाटा ढगांच्या वाटेने आला आहे, आणि तुमच्या हिशेबात तिला जागाच नव्हती. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा ओळ-गुणिले-स्तंभ हा नियम नेमकी हीच बेरीज करतो. मूळ मॅट्रिक्सला P म्हटले, तर नऊही जागी ती केल्यावर तिचा वर्ग P² मिळतो तो असा :

```
P²        ऊन     ढग     पाऊस
ऊन       ०.४७   ०.३४   ०.१९
ढग       ०.३६   ०.३७   ०.२७
पाऊस     ०.३२   ०.३८   ०.३०
```

प्रत्येक ओळीची बेरीज पुन्हा १ येते. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक आकड्याचा सुटा वर्ग केला असता तर बेरीज ०.४६ झाली असती, आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

‘दोन दिवसांत पाऊस पडण्याची संभाव्यता’ असे शब्द तुम्ही पत्रात पुढे वापरले आहेत, म्हणून एक खुलासा करतो. ०.१९ ही परवा पाऊस असण्याची संभाव्यता आहे. उद्या किंवा परवा, निदान एकदा तरी पाऊस पडण्याची नव्हे. त्यासाठी उद्याच्या पावसाचे ०.१ आणि उद्या कोरडे जाऊन परवा पाऊस येण्याचे ०.०६ + ०.०९ मिळवावे लागतात, आणि उत्तर ०.२५ येते. परीक्षेत हे दोन प्रश्न एकमेकांच्या जागी सर्रास सोडवले जातात.

प्रश्न : मॅट्रिक्सच्या खाली (०.५, ०.३, ०.२) असे आजचे वितरण लिहिले आहे. परवाचे वितरण काढले तर बेरीज १.०५४ येते. चूक कुठे आहे?

उत्तर : तुम्ही वितरण, म्हणजे आज ऊन, ढग आणि पाऊस असण्याच्या संभाव्यता, उभे लिहून मॅट्रिक्सच्या उजवीकडे ठेवले आहे. ‘आज’ ओळीत असताना वितरण आडवे लिहून डावीकडे ठेवावे लागते. परवाच्या पावसासाठी P² मधला पावसाचा स्तंभ घ्यावा आणि त्याला आजच्या वितरणाचे वजन द्यावे : ०.५ × ०.१९ + ०.३ × ०.२७ + ०.२ × ०.३० = ०.२३६. त्याच रीतीने ऊन ०.४०७ आणि ढग ०.३५७ येतात, आणि बेरीज १ होते. हवे तर आधी उद्याचे वितरण काढावे, ते (०.४३, ०.३५, ०.२२) येते. त्याला पुन्हा मूळ मॅट्रिक्सने गुणले की हेच तीन आकडे मिळतात. हाताने करताना मी हा दुसरा मार्गच घेतो, कारण त्यात गुणाकार कमी लागतात.

बेरीज बिघडली हे तुमचे नशीबच म्हणायचे. आजचे वितरण तिन्ही हवामानांना एक-तृतीयांश असे असते, तर उलट्या बाजूने गुणूनही उत्तर पुन्हा एक-तृतीयांशच आले असते, बेरीज १ भरली असती आणि चूक पचून गेली असती. खरे उत्तर त्या वेळी साधारण ०.३८३, ०.३६३ आणि ०.२५३ असे आहे.

प्रश्न : माझ्या फोटोत आजचे वितरण कापले गेले आहे, पण परवाचे उत्तर (०.४१, ०.३६, ०.२३) दिसते. व्यस्त मॅट्रिक्स वापरून मागे गेलो तर (−१, ६, −४) आले. मॅट्रिक्स चुकीची आहे का?

उत्तर : मॅट्रिक्स बरोबर आहे आणि तुमचा गुणाकारही बरोबर आहे. पडताळायचे असल्यास (−१, ६, −४) ला मॅट्रिक्सने एकदा गुणावे, (०.४, ०.५, ०.१) मिळेल, पुन्हा गुणले की फळ्यावरचे आकडे जसेच्या तसे येतील. दोष आकडे कमी दशांश स्थळांवर आणण्यात आहे. वरच्या उत्तरात परवाचे वितरण (०.४०७, ०.३५७, ०.२३६) आले होते, बहुधा कोणीतरी ते दोन दशांश स्थळांवर आणले आणि बेरीज १.०१ होऊ नये म्हणून ०.२४ च्या जागी ०.२३ लिहिले. एवढ्याशा फरकाने ०.५ चे −१ झाले.

असे का होते ते वरच्या दोन मॅट्रिक्समधले पावसाचे स्तंभ शेजारी ठेवल्यावर दिसते. एका दिवसासाठी तिथे ०.१, ०.३, ०.४ आहेत, म्हणजे आज काय आहे यावरून उद्याच्या पावसात ०.३ चा फरक पडतो. दोन दिवसांनी ०.१९, ०.२७, ०.३० राहतात आणि फरक ०.११ वर येतो. परवाचे हवामान आजचे बरेचसे विसरलेले असते, आणि पुढे जाताना जे पुसट झाले ते मागे येताना प्रचंड मोठ्या गुणकाने वाढवूनच परत मिळवावे लागते. या मॅट्रिक्सचा निश्चयक अवघा ०.०१ आहे, आणि तिच्या वर्गाचा ०.०००१. त्यावरूनच धोक्याची कल्पना यावी.

ऋण संख्या आल्या म्हणून तुम्हाला संशय तरी आला. याहून फसवे उदाहरण असे : आजचे वितरण (०.४४, ०.५२८, ०.०३२) घेऊन पुढे जा. परवाचे (०.४०७१२, ०.३५७१२, ०.२३५७६) येते, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत आधीच्या उत्तराशी तंतोतंत जुळते. एका सुरुवातीत आज पावसाची संभाव्यता २० टक्के आहे आणि दुसरीत ३ टक्क्यांच्या आसपास, तरी फळ्यावर दोन्हींचा निकाल एकच दिसेल. तेव्हा कापलेला भाग या आकड्यांवरून भरून काढता येणार नाही. फोटो दुसऱ्या कोणाकडून मिळवावा. उद्याचे वितरण पूर्ण दशांश स्थळांसह कुठे लिहिलेले असेल तर एकच पाऊल मागे जावे लागेल, आणि ते बरेच सुरक्षित आहे.

प्रश्न : खऱ्या हवामानात हे चालते का, की हे आकडे केवळ परीक्षेपुरते असतात?

उत्तर : १९६२ मध्ये गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी तेल अवीवच्या हिवाळी पावसाचा अभ्यास असाच मांडला होता. २७ पर्जन्य हंगामांतले डिसेंबर ते फेब्रुवारीचे २४३७ दिवस त्यांनी घेतले आणि अवस्था दोनच ठेवल्या, ओला दिवस आणि कोरडा दिवस. आदला दिवस कोरडा असलेल्या १३९९ दिवसांपैकी ३५० ओले निघाले, आणि आदला दिवस ओला असलेल्या १०३८ दिवसांपैकी ६८७. म्हणजे मॅट्रिक्समधले आकडे ०.२५० आणि ०.६६२. दोन पायऱ्यांचा हिशेब वरच्याच रीतीने केल्यास आज ओला असताना परवाही ओला असण्याची संभाव्यता ०.६६२ × ०.६६२ + ०.३३८ × ०.२५० म्हणजे सुमारे ०.५२ येते, आणि आज कोरडा असताना सुमारे ०.३५.

या आकड्यांची खरी परीक्षा त्याच नोंदींतून घेता येते. एक दिवस सोडून येणाऱ्या तारखांच्या जोड्या थेट मोजाव्यात आणि ओल्या दिवसाच्या परवाही ओला असे किती वेळा आढळले ते ०.५२ शी ताडावे. अंतर योगायोगाने पडेल त्याहून मोठे असेल, तर उद्याचे हवामान केवळ आजवर अवलंबून असते हे गृहीतक तिथे लागू पडत नाही, आणि मग वर्ग कितीही अचूक केला तरी उपयोग नाही. दुसरी अट ऋतूची. त्यांनी तीनच महिने निवडले, कारण मॅट्रिक्स त्या काळात साधारण एकच राहावी लागते. कोकणातल्या जुलैच्या नोंदींवरून काढलेली मॅट्रिक्स ऑक्टोबरच्या परवासाठी वापरणे म्हणजे दुसऱ्याच मॅट्रिक्सचा फोटो वाचण्यासारखे होईल.