आधी मूळ आवाज बंद, मग गाणं

भाऊ, कानबाईच्या मिरवणुकीच्या क्लिपवर गाणं टाकलं तरी मागून डीजे ऐकू येतो, कारण मूळ आवाज चालूच राहिलाय. फोनच्या बटणांनी आवाज कमी केला तर फक्त स्पीकर शांत होतो, क्लिपमधला आवाज तसाच राहतो.

गॅलरीत क्लिप उघडून 'एडिट' दाबा. स्पीकरचं चिन्ह दाबलं की त्यावर आडवी रेघ येते. काही फोनमध्ये त्याऐवजी मूळ आवाजाची पट्टी असते, ती शून्यावर न्या. गाणं टाकण्याआधीच एकदा चालवून पाहा, म्हणजे उरलेला आवाज लगेच कळतो. तीन क्लिप जोडल्या असतील तर तिन्ही तपासा; बऱ्याचदा एकच बंद झालेली असते.

सेव्ह करताना मात्र 'कॉपी' म्हणूनच करा. मूळ फाईलवरच सेव्ह झालं, तर आजीने म्हटलेली कानबाईची गाणी कायमची जाऊ शकतात.