तीन पाळ्यांची नोकरी आणि स्कॅल्पिंगचा हट्ट

"मॅडम, कंपनीत फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट फिरते. ट्रेडिंगच्या खात्यात १ लाख २० हजार आहेत. वाट बघणं मला जमत नाही, म्हणून मी स्कॅल्पिंग करतो, काही मिनिटांत आत-बाहेर. पण पैसे कमीच होतायत. काही दिवस-आठवडे धरायच्या स्विंगला जाऊ, की सरळ सहा-आठ महिने धरून ठेवणारं पोझिशन ट्रेडिंग करू? माझ्यासारख्याला नक्की काय जमेल?"

सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशिन शॉप सांभाळणाऱ्या चौतिशीतल्या तरुणाचा हा प्रश्न. त्याला संदीप म्हणू. कोणता शेअर घ्यायचा हे मी कुणालाच सांगत नाही, ते काम सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचं. माझ्याकडे माणूस येतो तो पैशांपायी उडालेली झोप घेऊन. म्हणून त्याला म्हटलं, पुढच्या वेळी दोन गोष्टी आणा. कंपनीचा शिफ्टचा तक्ता, आणि ब्रोकरकडून रोज ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, गेल्या तीन महिन्यांच्या.

आधी तक्ता उघडला. बाजार ९.१५ ला सुरू होतो आणि ३.३० ला बंद. संदीपची फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३०, म्हणजे अख्खा बाजार मशिनपाशी उभं राहण्यात जातो. नाइट रात्री १२ ते सकाळी ७. घरी येऊन आठला पाठ टेकली की दुपारी दोनपर्यंत झोप हवीच, नाहीतर रात्री मशिनवर डोळा लागायचा. उरली सेकंड. त्या आठवड्यात मात्र सकाळपासून अडीच वाजेपर्यंत वेळ त्याचा. थोडक्यात, तीन आठवड्यांतला एकच आठवडा स्क्रीनसमोर बसता येण्याजोगा. त्याच आठवड्यात त्याचं बरं चालायचं, आणि तेवढ्यावर "मला स्कॅल्पिंग जमतं" असा त्याचा समज झाला होता.

बाकीच्या आठवड्यांत काय व्हायचं, ते त्यानेच सांगितलं. चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढायचा, मार्केट ऑर्डर टाकायची आणि दहा मिनिटांत बाहेर पडू असं म्हणायचं. एकदा सुपरवायझरने हाक मारली. फोन लॉकरमध्ये, सौदा उघडा, तोटा ठरलेल्या भावाला थांबवणारा स्टॉपलॉस टाकलेला नाही. चाळीस मिनिटांनी परत येऊन बघतो तर ९०० रुपये गेलेले. स्कॅल्पिंग म्हणजे काही सेकंद ते काही मिनिटांचा सौदा, त्यात चाळीस मिनिटं फोनपासून दूर राहून चालत नाही. तिथेच त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं होतं, पण त्याला ते पटेना. "सेकंड शिफ्टच्या आठवड्यातच करीन मग," असं तो म्हणाला.

म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोट काढल्या. तीन महिन्यांत ३१२ सौदे. खर्च धरला नाही तर तो ४,३०० रुपये नफ्यात होता. खर्च मात्र झाला होता साधारण १६,५०० रुपये. खात्यातले १२ हजारांहून जास्त गेले ते खर्चातच, बाजाराने नेले नव्हते. हा आकडा त्याने कधी बेरीज करून पाहिलाच नव्हता, कारण ॲपवर दिवसभर दिसतो तो खर्च वजा न केलेला नफा-तोटा.

एक सौदा मी कागदावर मांडून दाखवला. ५०० रुपयांचे १०० शेअर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवसात, घेतले आणि विकले, म्हणजे ५० हजारांचा सौदा. त्याच्या ब्रोकरची ब्रोकरेज दर ऑर्डरला ०.०३ टक्के किंवा २० रुपये, जे कमी असेल ते. म्हणजे जाता-येता ३० रुपये. विक्रीवर एसटीटी हा सरकारी कर ०.०२५ टक्के, म्हणजे साडेबारा रुपये. एक्स्चेंजचा आकार, स्टॅम्प ड्यूटी आणि जीएसटी धरून आणखी दहा-साडेदहा. एकूण ५३ रुपये, शेअरमागे ५३ पैसे. आता संदीपचं टार्गेट एक रुपया, स्टॉपलॉसही एक रुपया. जिंकला तर १०० मधून ५३ जाऊन हातात ४७. हरला तर १०० अधिक ५३, म्हणजे १५३. नुसतं पाण्यावर राहायचं तर १०० पैकी ७७ सौदे जिंकावे लागतात. संदीप त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला.

मग त्याने स्वतःच विचारलं, "क्वांटिटी वाढवली तर?" प्रश्न रास्त आहे. इंट्राडेत मार्जिनमुळे आपल्या पैशांच्या पाचपटीपर्यंत सौदा करता येतो, आणि ब्रोकरेज २० रुपयांवर थांबते. ५०० शेअर घेतले तर शेअरमागचा खर्च २७ पैशांवर येतो आणि ७७ ऐवजी ६४ सौदे जिंकून भागतं. पण तेव्हा एक हरलेला सौदा ६३५ रुपयांचा होतो, आणि ओळीने पाच हरले की एका सकाळी तीन हजार गेले. ज्याच्याकडे मोठं खातं आणि रोजचे सहा तास आहेत, त्याला हे पेलेल; संदीपकडे दोन्ही नव्हतं. रोख बाजारातल्या इंट्राडेवरचा सेबीचा अभ्यास जुलै २०२४ मध्ये आला. त्यात २०२२-२३ या वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के होतं. संदीपचे तीन महिन्यांतच ३१२ झाले होते.

राहिला स्वभाव. "मला धीर नाही, म्हणून स्कॅल्पिंग" हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय, आणि मला ते उलटं वाटतं. स्कॅल्पिंगला उतावळेपणा चालतच नाही. तोटा दोन सेकंदांत मान्य करून पुढचा अर्धा तास काहीही न करता बसता आलं पाहिजे. स्वभाव माणसाला विचारून कळत नाही, तो कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसतो, कारण तिथे प्रत्येक सौद्याची वेळ छापलेली असते. तोट्यानंतर संदीपची पुढची ऑर्डर किती वेळाने गेली, हे आम्ही पेन्सिलने लिहीत गेलो. तीन मिनिटं, चार मिनिटं, दोन मिनिटं, आणि बहुतेक वेळा क्वांटिटी दुप्पट. हा उतावळेपणाही नव्हे. गेलेलं ताबडतोब वसूल करायची ती धडपड होती. अशा माणसाच्या हातात जितके जास्त सौदे, तितका तोटा जास्त.

पोझिशन ट्रेडिंगचं तसं वाईट नव्हतं. आठवड्याचा चार्ट, पंधराएक टक्के लांबचा स्टॉपलॉस, महिनोन्‌महिने धरून ठेवायचं. नोकरदाराला वेळेच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं. पण मी विचारलं, हे पैसे केव्हा लागणार? तर जूनमध्ये मुलीच्या शाळेची फी ४० हजार, ह्याच खात्यातून. जे पैसे चार महिन्यांत काढायचेत, त्यावर आठ महिन्यांचा सौदा बसवला की फीच्या आठवड्यात शेअर कुठेही असो, विकावाच लागतो. खातं केवढं आहे ह्याइतकंच ते किती दिवस हलवावं लागणार नाही, हेही बघायला हवं. आम्ही ते ४० हजार त्याच दिवशी बँकेत परत पाठवायचं ठरवलं. त्याच्या बायकोला हे फोनवर सांगताना त्याचा आवाज जरा हलका झाला. पुढे पगारातून भर घालत खातं हळूहळू पुन्हा १ लाख २० हजारांवर आलं.

म्हणून स्विंग. दोन-तीन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतचा सौदा, निर्णय बाजार बंद असताना. पहिले सहा आठवडे फक्त पाच-पाच शेअर. त्यानंतर नियम एकच: एका सौद्यात खात्याच्या एक टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही. १ लाख २० हजारांवर ते होतात १,२०० रुपये. ४८० चा शेअर, स्टॉपलॉस ४५६, म्हणजे शेअरमागे २४ रुपये जोखीम. १,२०० भागिले २४, आले ५० शेअर, गुंतवणूक २४ हजार. टार्गेट ५२८. जमलं तर २,४०० रुपये, आणि डिलिव्हरीचा, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याचा, एसटीटी, स्टॅम्प, डीपी चार्जेस धरून खर्च सत्तर-पंचाहत्तर. त्याची ब्रोकरेज डिलिव्हरीला शून्य आहे. शंभराच्या नफ्यात ५३ खर्च होण्यापेक्षा चोवीसशेत ७५ परवडले.

यातही एक सौदा फसला, आणि तो मला नीट सांगायला हवा. नाइटच्या आठवड्यात त्याने जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप बाजारात जाणारी ऑर्डर, लावून ठेवली होती, ट्रिगर ४५६, विक्रीची किंमत ४५५. कंपनीचे तिमाही निकाल वाईट आले आणि सकाळी शेअर उघडला थेट ४४० ला. ट्रिगर लागला, पण ४५५ ला घेणारा कोणीच नव्हता. ऑर्डर तशीच पडून राहिली, आणि अशी ऑर्डर बाजार बंद झाला की रद्द होते. जीटीटी एकदा ट्रिगर झाली की संपते. संदीप दुपारी उठला तोवर भाव ४३७, तिथे त्याने विकून टाकलं. १,२०० च्या जागी २,१५० गेले.

तेव्हापासून तो विक्रीची किंमत ट्रिगरच्या चारेक टक्के खाली ठेवतो, आणि निकालाच्या तारखेच्या आदल्या दिवशी सौदा निम्मा करतो. त्याही उपर भाव दहा टक्के खाली उघडला तर स्टॉपलॉस वाचवत नाही, म्हणूनच एका शेअरमध्ये २४ हजारांच्या आसपासच. आणखी एक अडचण आधीच कळली ते बरं झालं. ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायची कायमची लेखी परवानगी, दिलेली नव्हती, त्यामुळे शेअर विकताना त्या दिवशी टीपिन हा गुप्त क्रमांक टाकून परवानगी द्यावी लागायची. झोपलेला माणूस टीपिन कसा टाकणार? पाच शेअरवाल्या आठवड्यांतच एक विक्री त्यामुळे नाकारली गेली होती. डीडीपीआयची सही झाली आणि तो प्रश्न मिटला.

त्या ४३७ च्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, पुढची ऑर्डर किती वेळाने टाकली? म्हणाला, "टाकलीच नाही. नाइट होती, डबा भरला आणि गेलो." त्याच्या वहीत पुढचा सौदा सहा दिवसांनी होता, क्वांटिटी नेहमीइतकीच.

सहा महिन्यांत २१ सौदे झाले. ११ तोट्याचे, १० नफ्याचे, खर्च वजा जाता ५,८०० रुपये हातात. एवढ्याच पैशांची एफडी असती तर चारेक हजार मिळाले असते, हे मी त्याच बैठकीत बोलून दाखवलं. आणि २१ सौद्यांवरून काही ठरत नाही, हेही. त्याने वही मिटली, शिफ्टचा नवा तक्ता पुढे सरकवला. पुढच्या महिन्यात दोन आठवडे ओळीने फर्स्ट होती. "मग रात्री नऊला चार्ट बघतो, अर्धा तास," म्हणाला, आणि तक्त्यावर तसं लिहून ठेवलं.