काकांना संचालकपदासाठी नाही म्हणताना

प्रश्न: काका मला कंपनीच्या संचालक मंडळावर घ्यायचं म्हणतात. पण निर्णय ते एकटेच घेतात, बैठकीत नुसत्या सह्या होतात. माझे १२ टक्के शेअर्स आहेत. नातं न तोडता नकार कसा देऊ?

उत्तर: आधी काकांशी समोरासमोर बोला, पत्र नंतर द्या. पत्र आधी हातात पडलं तर घरात त्याचा अर्थ भांडण असाच निघतो.

बोलताना त्यांच्या स्वभावावर जाऊ नका. अडचण कामाच्या पद्धतीतली आहे, तेवढीच मांडा: "कागद बैठकीच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसतात. न वाचता सही केली तरी संचालक म्हणून जबाबदारी माझीही असते. म्हणून मी हे पद घेत नाही." कागद आठवडाभर आधी मिळावेत आणि विरोधी मत इतिवृत्तात नोंदवलं जावं, या दोन गोष्टी ते खरोखर मान्य करणार असतील, तर नकार देण्याआधी दोन-तीन बैठका तसं होतं का ते पाहा. नुसत्या "बघू" वर होकार देऊ नका.

पत्र चार ओळींचं पुरे: "संचालकपदाच्या प्रस्तावाबद्दल आभार. मी हे पद स्वीकारत नाही आणि त्यासाठी संमती दिलेली नाही. भागधारक म्हणून माझे हक्क कायम आहेत." शेवटी तारीख आणि सही. मतभेदांची यादी यात घालू नका. हे पत्र कंपनीच्या दप्तरात राहतं. उद्या बँक किंवा भागीदार ते वाचेल, आणि तुमच्या तक्रारीच कंपनीविरुद्धचा पुरावा ठरतील. "सध्या जमणार नाही" असंही लिहू नका, नाहीतर पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा निघेल. पोच घ्या.

आता जिथे लोक फसतात ते. पूर्वी कधी "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून कोऱ्या संमतीपत्रावर सही केली असेल, तर ते लेखी मागे घ्या. नंतर कंपनी नोंदणीच्या सरकारी यादीत आपलं नाव नाही ना, हेही तपासा. दुसरं म्हणजे, पद नाकारून बैठकांना बसायचं, कर्मचाऱ्यांना हुकूम द्यायचे, बँकेशी बोलणी करायची, असं केलंत तर अनेक देशांच्या कायद्यात प्रत्यक्ष कारभार करणारा माणूस संचालकच धरला जाऊ शकतो. सल्ला द्यायचा असेल तर सल्लागार म्हणून द्या, निर्णय मात्र मंडळाचाच राहू द्या.

कर्जाची वैयक्तिक हमी हा वेगळा विषय आहे. पद नाकारल्यावर "निदान हमीवर तरी सही कर" असा आग्रह होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. संचालकाचा निदान मतदानात वाटा असतो. हमीदाराकडे निर्णयाचा हक्क नसतो, पण कर्ज थकलं की वसुली त्याच्या घरापर्यंत येते. यालाही त्याच बैठकीत नाही म्हणा.

तुमचे १२ टक्के शेअर्स मात्र नकारामुळे जात नाहीत. वार्षिक हिशेब मागा आणि सर्वसाधारण सभेत मत द्या. इतर हक्क कोणते, ते कंपनीची नियमावली आणि भागधारकांचा करार असेल तर तो वाचून ठरवा.