ओव्हरसाइझ घेताना आधी खांदा बघ, मग पायाची मोहरी

नेहमीच्या मापाची हुडी दोन साइझ मोठी घेतली की ओव्हरसाइझ होते, असं समजू नकोस. सुरुवातीला बहुतेक जण इथेच चुकतात. तशा हुडीची बाही बोटांवर येते, गळा सैल पडतो आणि घेर मांडीपर्यंत उतरतो. ड्रॉप शोल्डरमध्ये खांद्याची शिवण हाडापासून साधारण ५ ते ८ सेंमी खाली, दंडावर बसते आणि त्या हिशेबाने बाही आखूड कापलेली असते. म्हणून तुझ्याच साइझची ड्रॉप शोल्डर हुडी घे. कापड ३५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाच्या, आसपास हवं. पातळ कापड खांद्यावरून लोंबतं.

जीन्सचं स्टॅकिंग म्हणजे बुटावर पडणाऱ्या घड्या. आतली लांबी ७६ सेंमी लागत असेल तर ८२ घे. मात्र मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, सपाट मोजून १८ सेंमीच्या आसपास हवी, म्हणजे ती बुटावर अडते. २३ सेंमीची मोहरी बुटावरून घसरून टाचेखाली जाते आणि मागची कड फाटते. बॅगीच मोहरी आवडत असेल तर घड्यांचा नाद सोड आणि कड जमिनीच्या वर ठेव. अल्टर करण्याआधी एकदा धू, सुती डेनिम आटतं.

लेअरिंगला सध्या एकच आतला टी-शर्ट पुरे, हुडीखाली ३-४ सेंमी दिसेल असा.