फादर्स डेच्या जाहिरातीची कॉपी: बाबांना ना सुपरहिरो करायचं, ना त्यागमूर्ती

प्रश्न: आमच्या ग्रूमिंग ब्रँडचा फादर्स डे गिफ्ट बॉक्स येतोय. त्यात शेव्हिंग ब्रश, क्रीम आणि अल्कोहोल नसलेला आफ्टरशेव्ह बाम आहे. 'माझा सुपरहिरो' किंवा 'आयुष्यभर झिजलेला बाप' असलं काही नको आहे. मग लिहू काय?

उत्तर:

दाढी बाबा करणार आहेत, पण तुमची ओळ वाचणार आहे त्यांची मुलगी, मुलगा किंवा सून. त्यांना बाप किती थोर आहे हे तुमच्याकडून ऐकायचं नसतं. त्यांची शंका साधी असते: हे ते वापरतील, की कपाटात पडून राहील? या शंकेला उत्तर सापडलं नाही की लिहिणारा पितृत्वाची आरती सुरू करतो.

ओळ शिळी आहे का हे ओळखायला तिच्यातली वस्तू बदलून बघा. 'ज्यांनी सगळ्यांची काळजी घेतली, आता त्यांची काळजी घ्या' या ओळीखाली घड्याळ ठेवा, चप्पल ठेवा, विम्याची पॉलिसी ठेवा, सगळं खपतं. म्हणजे ती तुमच्या बॉक्सबद्दल काहीच सांगत नाही. (चामड्याचा पट्टा आणि व्हिस्कीचा ग्लास असलेल्या फोटोंनाही हाच नियम लावा.)

खरा माल चेहऱ्यावर आणि बाटलीत आहे. तुमच्या ग्राहकाचे वडील बहुधा पन्नाशी-साठीचे. वयानुसार त्वचा कोरडी पडत जाते आणि अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह जास्त झोंबतं. घरातल्यांनी ते पाहिलेलं असतं. म्हणून बामची ओळ मी अशी लिहीन:

*आफ्टरशेव्ह लावताना बाबा डोळे गच्च मिटतात. या बाममध्ये अल्कोहोल नाही.*

बस, पुढे विशेषणं नकोत. 'अजिबात झोंबणार नाही' असंही लिहू नका, कारण मेंथॉल किंवा सुगंधी द्रव्यानेही काहींना चुरचुरतं. शिवाय घटकांची यादी आधी वाचून घ्या. तिच्यात सीटायल किंवा सीटेराइल अल्कोहोल असेल तर कुणीतरी 'खोटं बोलता' म्हणून लिहिणारच. ही मेणासारखी, त्वचा मऊ ठेवणारी द्रव्यं असतात. कोरडं करणारं आणि झोंबणारं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल, यादीत बहुतेकदा 'अल्कोहोल डिनॅट' म्हणून येतं. हा खुलासा वेबसाइटवरच्या विक्रीच्या पानावर तळाशी दोन वाक्यांत आधीच देऊन ठेवा.

अशा निरीक्षणात एक धोका आहे. 'कानामागे फेस राहिला तरी बाबांना पत्ता नसतो' हेही पाहिलेलंच असतं, पण ते लिहिलं की वेंधळ्या बापाचा जुना विनोद मागच्या दाराने आत येतो. मी एवढंच तपासतो की ओळीत खोट कुणात निघतेय. बाटलीत निघत असेल तर ठेवतो, माणसात निघत असेल तर खोडतो.

ब्रशचं प्रकरण वेगळं आहे. डब्यातला तयार फेस वापरणाऱ्या माणसाला ब्रश म्हणजे वाढीव काम वाटतं, आणि बॉक्स कपाटात जातो तो इथेच. त्यामुळे दोन मजकूर लागतील: पानावर देणाऱ्यासाठी, आणि बॉक्समधल्या कार्डावर वापरणाऱ्यासाठी. पानावर कारण द्या: दाढीचे केस पाणी शोषून मऊ होतात, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, ब्रश ते पाणी केसांच्या मुळापर्यंत नेतो आणि आडवे पडलेले केस उभे करतो. कार्डावर मात्र 'प्रिय बाबा' नको, प्रेम नको, नुसती कृती:

*ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर भिजवा. जास्तीचं पाणी झटका. बदामाएवढं क्रीम घेऊन चेहऱ्यावरच गोल फिरवत फेस करा. दोन मिनिटं थांबा. रेझरचा पहिला हात केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. शेवटी ब्रश धुऊन, झटकून, केस खाली येतील असा टांगा.*

मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं सांगितलं की तो वाचतो. प्रेमाचा मजकूर देणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या, त्यासाठी कार्डाची मागची बाजू कोरी ठेवा.

पानावर आणखी एक ओळ टाका, मालक कुरकुरले तरी: 'बाबा दाढी राखत असतील तर हा बॉक्स घेऊ नका', आणि शेजारी बिअर्ड ऑइलची लिंक. परत येणारे बॉक्स कमी होतील, आणि प्रत्येक बाप गुळगुळीत दाढी करतो हे गृहीतकही निघून जाईल.

ईमेल पाठवणार असाल तर मोहिमेच्या आधी एक छोटा मेल जाऊ द्या: 'यंदा फादर्स डेचे मेल नको असतील तर इथे क्लिक करा, बाकीचे मेल सुरू राहतील.' ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटिश फुलविक्रेत्यांनी 2019 मध्ये मदर्स डेला हेच केलं होतं. कारण विचारू नका, आणि त्या मेलमध्ये बॉक्सचा फोटोही नको.